हापसा उशिरा पाणी देतो की कमी पाणी देतो?
(व्याख्यानाचे शब्दांकन)

मागच्या वेळी आपण बोअरमधली पाण्याची पातळी कशी समजून घ्यायची ते पाहिलं. आज त्याच बोअरवर बसवलेल्या हापशाकडे येऊ. आपल्याकडे गावोगाव दिसतो तो बहुतेक इंडिया मार्क टू. तीन पायांचा स्टँड, वर पाण्याची टाकी, त्यावर डोकं आणि लांब लोखंडी दांडा. या पंपाची वंशावळ आपल्याच भागातली आहे बरं का. त्याच्या आधीचे जे पंप होते, त्यांची नावंच मुळी 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप'. सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि इतरांनी मिळून सोलापूरच्या पंपावरून मार्क टू उभा केला.

आता दुरुस्ती म्हटलं की लोक थेट पान्याला हात घालतात. माझं म्हणणं असं, की हापसा उघडण्याआधी एक बादली आणि एक घड्याळ घेऊन त्याच्यासमोर बसा. कारण मार्क टूचं सिलिंडर बोअरमध्ये खाली, पाण्यात बुडालेलं असतं. तिथपर्यंत पोचायचं तर वरचा प्रत्येक पाईप बाहेर काढावा लागतो. मार्क थ्री नावाचा पुढचा प्रकार आहे, त्यात पाईप रुंद असल्यामुळे नुसते रॉड ओढले की दट्ट्या वर येतो. मार्क टूत ती सोय नाही. म्हणून उघडण्याआधी नक्की काय बिघडलंय ते कळलेलं बरं.

खाली काय काय आहे ते थोडक्यात सांगतो. सिलिंडरच्या आत पितळेची गुळगुळीत नळी. तिच्यात एक दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्याला दोन वाटीच्या आकाराचे वायसर असतात. पूर्वी चामड्याचे, आता बऱ्याच ठिकाणी नायट्राइल रबराचे. गावात मात्र दोन्हीला 'चामडं'च म्हणतात, मीही तेच म्हणेन. दट्ट्यातच एक झडप असते, ती वरची झडप. आणि सिलिंडरच्या तळाशी दुसरी, तिला आपण फूटव्हॉल म्हणतो. दांडा खाली दाबला की दट्ट्या वर येतो, चामडं पाणी उचलतं, फूटव्हॉल उघडून खालचं पाणी आत येतं. दांडा वर गेला की दट्ट्या खाली जातो, फूटव्हॉल मिटतो आणि पाणी वरच्या झडपेतून दट्ट्याच्या वर येतं. एवढंच.

आता यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. चामडं झिजलं तर काय होईल? दट्ट्याच्या कडेने पाणी खाली निसटेल, म्हणजे प्रत्येक हापशाला पाणी कमी येईल. पण पंप बंद असताना पाईपमधलं पाणी कोण धरून ठेवतं? तळाचा फूटव्हॉल. तो चांगला असेल तर रात्रभर पाणी जागेवर राहील आणि सकाळी पहिल्या-दुसऱ्या हापशाला धार लागेल. बारीक असेल, पण लगेच लागेल. उलट फूटव्हॉल गळका असेल किंवा पाईपला भोक असेल, तर पंप थांबल्यावर पाईप रिकामा होत जातो. मग सकाळी तो भरेपर्यंत हापसत बसायचं. म्हणजे पाणी कमी येत असेल तर आधी चामड्यावर संशय घ्या, पाणी उशिरा येत असेल तर फूटव्हॉल किंवा पाईपवर. लोक तक्रार करताना दोन्हीला 'हापसा पाणी देत नाही' असं म्हणतात. तुम्ही त्यांना विचारायचं, कमी देत नाही की उशिरा देतो?

हे मोजायचं कसं? दोन चाचण्या आहेत. पहिली, धार नीट लागल्यावर बादली ठेवा आणि दांडा पूर्ण वर, पूर्ण खाली असे एका मिनिटात ४० हापसे मारा. नव्या पंपाला साधारण १५ लिटर पाणी येतं. १० लिटरच्या खाली आलं तर चामडं बदलायची वेळ झाली. दुसरी, धार लागलेली असताना पंप थांबवा, अर्धा तास कुणालाही हात लावू देऊ नका, आणि मग पाणी येईपर्यंतचे हापसे मोजा. पाचाच्या वर गेले तर कुठेतरी गळती आहे.

(श्रोत्यांमधून प्रश्न: "पण गळती फूटव्हॉलला की पाईपला, हे वरून कसं कळणार?")

बरोबर, तिथेच खरी गंमत आहे, आणि यासाठी मी एक प्रत्यक्षातला पंप सांगतो. जालना जिल्ह्यातली एक वस्ती, मे महिना. पंपाला बारा पाईप, प्रत्येक तीन मीटरचा, म्हणजे सिलिंडर ३६ मीटरवर. बोअरमधली पाण्याची पातळी ३० मीटरच्या आसपास. बायकांची तक्रार अशी, की पहाटे पहिली जी येते तिचे हात गळून जातात, आणि नंतरही हंडा भरायला फार वेळ लागतो. गावात चर्चा अशी, की बोअर आटली, नवीन घ्या.

आधी ४० हापशांची चाचणी केली. ८ लिटर पाणी. मग अर्धा तास थांबून हापसे मोजले, ४६. त्या रात्री पंपाला साखळी लावून कुलूप घातलं आणि पहाटे पुन्हा मोजले, ४८. म्हणजे जवळजवळ तेवढेच.

आता हिशोब बघा. मार्क टूचा एक पाईप, आतला रॉड वजा जाता, साधारण पावणेतीन लिटर पाणी धरतो. नवा पंप एका हापशाला जवळपास ४०० मिलिलिटर पाणी उचलतो. म्हणजे रिकामा पाईप भरायला एका पाईपमागे सातएक हापसे. फूटव्हॉल गळत असता तर पाणी पाईपमधून बोअरच्या पातळीपर्यंत, म्हणजे ३० मीटर, दहा पाईप खाली गेलं असतं. दहा पाईप भरायला अगदी नव्या पंपालाही जवळपास ७० हापसे लागले असते. इथे रात्रभर थांबूनही ४८च लागले. म्हणजे पाणी मध्येच कुठेतरी थांबलं होतं. आणि अर्ध्या तासात जेवढं उतरलं तेवढंच रात्रभरात उतरलं, याचा अर्थ ते एका ठराविक जागेपर्यंत येऊन थांबत होतं. ती जागा म्हणजे पाईपमधलं भोक. फूटव्हॉल बिचारा शाबूत होता.

भोक कुठे, हेही ढोबळ काढता येतं. पंप नव्यासारखा उचलत असता तर ४६ हापसे भागिले सात, म्हणजे साडेसहा पाईप. पण हा पंप तर चाळिसाला ८ लिटर, म्हणजे हापशाला २०० मिलिलिटरच बाहेर देत होता. त्या दराने ४६ हापशांत सव्वानऊ लिटर भरतात, म्हणजे साडेतीन पाईप. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये, चौथ्या ते सातव्या पाईपपर्यंत कुठेतरी. शिवाय संध्याकाळी वस्ती शांत झाल्यावर धार लावून पंप थांबवला आणि स्टँडला कान लावला, तर आत पाणी खाली पडल्याचा आवाज स्पष्ट येत होता. भोक बोअरच्या पातळीच्या वर असेल तरच हा आवाज येतो. पाण्याखाली असेल तर नाही.

बोअर आटली म्हणावं तर त्याची खूण वेगळी असते. तेव्हा सुरुवातीला धार चांगली येते, मग दहा-वीस बादल्यांनंतर मध्येच हवा फुसफुसते, पाणी तुटतं, आणि तासभर विश्रांती दिली की पुन्हा येतं. तिथे चामडं बदलून काही होत नाही. इथे धार सुरू झाली की दिवसभर तशीच चालायची.

मग उघडायचं ठरलं. माणसं किती लागतात? वजन बघा. पाईप, रॉड आणि आतलं पाणी धरून एका मीटरला पाच किलोच्या आसपास जातं. ३६ मीटरचे झाले पावणेदोनशे किलो, सिलिंडर वेगळं. हे सगळं वजन एका क्लॅम्पवर लटकलेलं असतं. त्यामुळे मार्क टूची हत्यारांची पेटी, म्हणजे आपोआप आवळणारा पाईप क्लॅम्प, पाईप उचलायचे पाने, रॉड धरायचा शिकंजा, साखळीखाली घालायचं आधाराचं हत्यार, हे नसेल तर हात लावायचा नाही. दोर बांधून, नुसत्या दोन पाईप पान्यांवर काढतो म्हणणारे उत्साही लोक प्रत्येक गावात असतात. पाईप निसटला तर तो बोअरच्या तळाला, आणि कुणाची बोटं मध्ये असतील तर ती गेली. चार माणसं हवीत, त्यांतला एक ज्याने हे आधी केलंय असा हवा.

क्रम असा. पुढचं झाकण काढायचं. दांडा खाली दाबून रॉड वर घ्यायचा, साखळीच्या जोडाखाली आधाराचं हत्यार सरकवायचं, मग दांडा हळूच सैल सोडून रॉडचं वजन त्या हत्यारावर बसवायचं. आता साखळीचा बोल्ट सुटतो, दांडा आणि डोकं निघतं. रॉड शिकंज्यात धरून साखळीचा जोड काढायचा आणि रॉड हळू खाली टेकू द्यायचा. टाकीसकट पहिला पाईप उचलून क्लॅम्प लावायचा, टाकी फिरवून काढायची. पुढे एक पाईप वर, क्लॅम्प बंद, पाईप सोडव, आतला रॉड धर, रॉड सोडव, आणि दोन्ही बाजूला. पाईप मातीत ठेवायचे नाहीत, लाकडी ओंडक्यांवर आडवे ठेवायचे, आणि खडूने क्रमांक टाकायचे. हा क्रमांक टाकायचा कंटाळा करू नका, नंतर कळेल का ते.

चौथ्या आणि पाचव्या पाईपच्या जोडात बिघाड मिळाला. सॉकेटच्या लगतचे आटे गंजून इतके पातळ झाले होते की आरपार उजेड दिसत होता. पण मला महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. पाचवा पाईप उभा धरून आत टॉर्च मारला, तर एकाच बाजूला रॉडच्या जोडाने घासून खोल चर पडला होता. त्याच नंबरचा रॉड सपाट ओट्यावर लोळवला तर तो डुगडुगत होता. वाकलेला. म्हणजे रॉडने पाईप आतून घासला आणि गंजाने उरलेलं काम केलं. नुसता पाईप बदलून तो रॉड परत घातला असता तर नव्या पाईपचंही तेच झालं असतं. क्रमांक टाकलेले असल्यामुळेच कोणता रॉड कोणत्या पाईपमधला हे कळलं. पाईप आणि रॉड दोन्ही नवे घातले. बाकीच्या पाईपांचे आटे तारेच्या ब्रशने घासून पाहिले. जिथे आट्यांची टोकं चाकूसारखी धारदार झाली होती असे आणखी दोन पाईप बाद केले.

पाईप गंजण्याबद्दल एक सूचना. सकाळचं पहिलं पाणी तांबूस आणि पाच-सात बादल्यांनंतर स्वच्छ, असं असेल तर तो गंज बहुतेक तुमच्याच पाईपचा असतो. दिवसभर सारखं तांबडं येत असेल तर लोह भूजलातलंही असू शकतं, ते तपासून घ्यावं लागतं. पाण्याचा पीएच साडेसहाच्या खाली असेल तर जस्त चढवलेले पाईपही फार टिकत नाहीत. अशा गावात तोच पाईप पुन्हा पुन्हा बदलण्यापेक्षा स्टेनलेस स्टीलच्या किंवा त्या कामासाठीच्या प्लॅस्टिक पाईपचा विचार करा. मात्र पंपाची जोडणी त्याप्रमाणे बदलते, ते काम मेकॅनिकचं.

भोक मिळालं होतं, तरी आम्ही खालचे सगळे पाईप काढले. कारण ८ लिटरमधली सगळी तूट काही त्या भोकाची वाटत नव्हती. सिलिंडर उघडलं तर दोन्ही चामड्यांच्या कडा झिजून कागदासारख्या झाल्या होत्या.

चामडं बदलताना दोन गोष्टी. एक, वाटीचं तोंड वरच्या बाजूला, दोन्ही वायसरांचं. उलटी बसवली तर ती पाणी धरतच नाही. दोन, घट्टपणा. नवं चामडं आदल्या रात्री पाण्यात किंवा खाण्याच्या तेलात भिजवून मऊ करायचं. गाडीचं ऑईल किंवा ग्रीस नको, ते पाणी आपण पिणार आहोत. रबराच्या वायसरला भिजवण्याची गरज नाही. मग दट्ट्या पितळेच्या नळीत हाताने सरकवून बघायचा. थोडा अडखळत, पण एका हाताने सरकला पाहिजे. ठोकून बसवावा लागला तर वायसर चुकीच्या मापाचा आहे.

(एका ताईंचा प्रश्न: "घट्ट असलेला चांगला ना? पाणी जास्त धरेल.")

ताई, असं वाटतं खरं, पण इथे साखळी आहे हे विसरू नका. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. दांडा खाली दाबला की साखळी दट्ट्याला वर ओढते, पण दट्ट्या खाली जातो तो फक्त रॉडांच्या वजनाने. चामडं फार घट्ट असेल तर दट्ट्या खाली यायला तयार नसतो, साखळी सैल पडून दुमडते, आणि पुढच्या वेळी दांड्याला हिसका बसतो. उथळ बोअरमध्ये रॉड कमी, म्हणजे वजन कमी, तिथे हा त्रास जास्त. नवीन चामडं घातल्यावर दांडा उसळायला लागला तर कारण हेच समजा.

झडपांचं काम तसं सोपं. रबरी बैठक काढून बघायची, चपटी किंवा चिरलेली असेल तर बदलायची, वाळूचा कण अडकलेला असेल तर धुवायचं. सिलिंडरच्या दोन्ही टोपणांतल्या चामडी चकत्या मात्र उघडल्या की नव्याच घालायच्या, जुन्या पुन्हा बसत नाहीत. आणि पाण्यात सोडण्याआधी वरच तपासायचं. सिलिंडर बादलीत उभं धरून दट्ट्या हाताने वर-खाली करा, पाणी वरून यायला लागलं की बादलीतून उचला आणि काही मिनिटं तसंच धरा. खालून थेंब टपकला तर फूटव्हॉल पुन्हा उघडा. ही पाच मिनिटं वाचवली आणि बारा पाईप पुन्हा काढावे लागले, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.

पितळेच्या नळीत आतून नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर नवं चामडं त्यावर फार दिवस टिकणार नाही. तिथे सिलिंडरच बदलायला हवं, आणि बोअरमधून वाळू येतेय का तेही बघायला हवं.

जोडताना प्रत्येक आटा साफ करून, त्यावर जोडाचा लेप लावून पूर्ण आवळायचा. पाना सॉकेटच्या मधोमध जोरात दाबू नका, सॉकेट अंडाकृती होतं आणि तिथूनच पुढची गळती सुरू होते. डोकं बसवण्याआधी साधारण ३०० ग्रॅम टीसीएल पावडर १५ लिटर पाण्यात कालवून, निवळी बोअरमध्ये ओतायची. रात्रभर राहू द्यायची. सकाळी वास जाईपर्यंत हापसून ते पाणी सोडून द्यायचं. तोवर पंपावर 'पिऊ नका' अशी पाटी, आणि शक्य असेल तर एक माणूस, कारण पाटी मुलं वाचत नाहीत.

(प्रश्न: "यातलं आम्ही गावात काय करावं आणि पंचायत समितीचा मेकॅनिक केव्हा बोलवावा?")

मी अशी रेघ मारेन. साखळीला ग्रीस, ढिले बोल्ट आवळणं, दोन्ही चाचण्या करून वहीत आकडे लिहिणं, हे गावातल्या दोघा-तिघांनी दर महिन्याला करावं. पेटी आणि शिकलेली माणसं असतील आणि पाईप आठ-दहाच असतील, तर चामडं, झडप, पाईप हेही गावात होऊ शकतं. त्याहून खोल पंप असेल तर मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करा. आमच्या त्या पंपावरही हातपंप दुरुस्ती पथकातला मेकॅनिक उभा होता.

काही वेळा मात्र थांबायचंच. दांडा अचानक हलका पडला आणि पाणी पूर्ण बंद झालं, तर रॉड तुटलाय किंवा सुटलाय. खालचं टोक कुठे आहे ते माहीत नसताना पाईप ओढू नका. काही बोअरमध्ये पडलं असेल तर ते काढायची वेगळी हत्यारं लागतात, घरच्या आकड्याने उचलायला गेलात तर ते आणखी खाली सरकतं. प्रत्येक हापशाला खालून ठक्‌ असा ठोका ऐकू येत असेल तर दट्ट्या सिलिंडरच्या टोपणावर आदळतोय. रॉडांची एकूण लांबी चुकली आहे, वरचा रॉड मोजून कापून त्याला नवे आटे पाडावे लागतात. डोक्यातली बेअरिंग खडखडत असेल, दांडा डाव्या-उजव्या बाजूला हलत असेल, तर बेअरिंग बसवायचं साधन मेकॅनिककडेच असतं. आणि स्टँड ओट्यात हलत असेल तर पंपाच्या आधी ओटा. कारण त्या फटीतून सांडपाणी थेट बोअरमध्ये जातं.

बोलावताना 'हापसा बंद आहे' एवढंच सांगू नका. किती पाईप आहेत, ४० हापशांना किती लिटर, अर्ध्या तासाने किती हापसे, दांडा जड की हलका, आवाज कसला. एवढं कळलं तर पथक येतानाच पाईप, रॉड, वायसर गाडीत घालून येतं आणि एका खेपेत काम होतं.

त्या वस्तीवरचा पंप दुसऱ्या दिवशी टीसीएलचा वास गेल्यावर मोजला. अर्ध्या तासानंतर दुसऱ्या हापशाला पाणी, आणि ४० हापशांना १५ लिटरला थोडं कमी. नवीन बोअरचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.